टॅग पुसण्याआधी टॅग वाचा

‘भाऊ, ४० साड्याचे फोटो पाठवले. मांगचं सारं काढून पांढरं करून द्या. लटकलेले टॅग बी काढा. परवापर्यंत पाह्यजे.’

नागपूर-अमरावती हायवेवरच्या कारंजा (घाडगे)तल्या एखाद्या कापड दुकानदाराने तुम्हाला एडिटिंगचं काम दिलं, तर चिठ्ठी साधारण अशीच असेल. वाचून वाटतं, एका रात्रीचं काम! पण थांबा. टॅगवर नुसती किंमत नसते, दुकानातला त्या साडीचा नंबरही असतो. तो पुसून ४० फोटो परत पाठवलेत, तर एकसारख्या दोन मोरपंखी साड्यांतली कोणती कुठली, हे दुकानदार कसं ओळखणार? म्हणून आधी मूळ फोटोंची कॉपी वेगळी ठेवा आणि टॅगवरचा नंबर फाइलच्या नावात टाका. टॅगवर २१७ असेल तर `217_padar.jpg`, `217_kath.jpg`. नंबर वाचता येत नसेल तर लगेच फोन करा.

दुसरा प्रश्नही त्याच फोनवर विचारून घ्या: ‘काका, सगळेच टॅग काढायचे का?’ कारण रेशमी साडीला किमतीच्या चिठ्ठीशेजारी ‘सिल्क मार्क’चं लेबलही लटकलेलं असू शकतं. अस्सल रेशमाची ही खूण २००४ पासून आहे. मुख्य फोटोत ती नको असली, तरी तिचा वेगळा क्लोजअप दुकानदाराला हवा असतो. उलट, एका साडीचं लेबल दुसरीच्या फोटोत चिकटवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

आता एक साडी घेऊ. समजा, मधाळ रंगाची टसर करवतकाठी, म्हणजे आपल्या विदर्भाचीच. काठावर करवतीसारखे दाते आणि नेमका टॅग त्याच दात्यांवर लोंबतोय. इथे हीलिंग ब्रश फिरवलात की घोळ होतो. तो आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळतो, त्यामुळे काठाचा लाल रंग टसरमध्ये उतरतो आणि दाते बोथट होतात. इथे क्लोन स्टॅम्पच बरा. त्याच काठावर थोडं पुढे, टॅग नसलेल्या जागी, Alt दाबून एका दात्याच्या टोकावर क्लिक करा. मग टॅगखाली तेच टोक जिथे यायला हवं, अगदी तिथून रंगवायला सुरुवात करा. नक्षी पुन्हापुन्हा तीच येते, याचा हा फायदा. मात्र टॅग चुणीवर असेल तर नमुना त्याच चुणीवरून घ्या; सपाट भागातला दाता तिथे तिरका दिसतो. टॅग गेला, पण त्याची प्लास्टिकची दोरी आणि कापडावर पडलेली सावली राहिली, हे फार होतं. फोटो २०० टक्के मोठा करून पाहिलात की दोन्ही सापडतात.

बॅकग्राउंड काढताना साडीच्या सरळ कडा पेन टूलने कापा. गोंड्यांसाठी मात्र लेयर मास्क घ्या आणि बारीक ब्रश. इरेजर नकोच! इरेजरने फाइल सेव्ह केल्यावर गेलेला धागा परत येत नाही, मास्कमध्ये येतो. फिकी टसर पांढऱ्यावर विरघळून जाते, म्हणून काम करताना खाली तात्पुरता गडद निळा लेयर ठेवा. जुन्या भिंतीची किनार, राहिलेले ठिपके त्यावर लगेच उठून दिसतात. शेवटी खरा पांढरा भरा, तिन्ही रंगांचे आकडे २५५. अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवर मुख्य फोटोला असाच शुद्ध पांढरा लागतो. पण पांढरं करायच्या नादात अख्खा फोटो उजळू नका, साडीचाच रंग बदलेल.

नेटच्या पदराचं काय? त्याच्या जाळीतून मागची भिंत दिसते, म्हणजे भिंतीचा रंग पदरातच मिसळलेला असतो. तो कापून वेगळा करायला तासन् तास जातात आणि तरी पदर मळकट दिसतो. तेवढ्या साड्या मागे पांढरी चादर लावून पुन्हा काढायला सांगा. दुकानदार कुरकुरेल, पण त्याला ते पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एखाद्या साडीवर डाग दिसला, किंवा विणीत धागा सुटलेला दिसला तर? क्लोन स्टॅम्प हातात असतोच, मोह होतो. पण टॅग हा साडीचा भाग नाही, डाग आहे. गिऱ्हाइकाला घरी तोच डाग मिळणार. वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी ठरते. तो फोटो बाजूला ठेवा आणि बाकीच्या फाइलींसोबत एक ओळ लिहा: ‘काका, २१७ च्या पदरावर डाग दिसतो आहे. तसाच ठेवला आहे. साडी एकदा पाहून घ्या.’