‘बाकी सर्वांचेही आभार’

बँकेची संगणक प्रणाली बदलायची असली की दुसरा शनिवार गाठतात, कारण त्या आठवड्यात सलग दोन दिवस काउंटर बंद असतो. शुक्रवारी रात्री दिवसअखेर करायची, शनिवारी सगळी खाती नव्या प्रणालीत उतरवायची, रविवारी प्रत्येक शाखेचा ट्रायल बॅलन्स जुन्याशी जुळवायचा आणि सोमवारी दार उघडायचं. मी ज्या सहकारी बँकेत होतो तिथे हे काम माझ्याकडे होतं. सोमवारी दार उघडलं, पण पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. मुदत ठेवींवरचं व्याज काही खात्यांत पैशा-दोन पैशांनी वेगळं येत होतं, पासबुकावरची छपाई ओळ सोडून जात होती आणि काउंटरवर लोक ओरडत होते.

सगळं मार्गी लागल्यावर मी आभाराचा संदेश लिहायला बसलो. संगणक विभागातल्या चौघांची नावं, त्यांच्या जागरणांचं वर्णन आणि शेवटी एक ओळ: ‘बाकी सर्वांचेही आभार.’ पाठवण्याआधी मुख्य शाखेतल्या ज्येष्ठ कॅशियर बाईंना मी तो दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, “साहेब, यातले ‘बाकी’ म्हणजे आम्ही ना?”

त्या चौघांची नावं मला आधी सुचली, कारण ते तीन आठवडे माझ्याच खोलीत होते. मायकल रॉस आणि फियोरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांचा 1979 सालचा एक अभ्यास आहे. त्यात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या कोणत्या कामात तुमचा वाटा किती? दोघांची उत्तरं एकत्र केली की बेरीज बहुधा पूर्ण कामापेक्षा जास्त भरायची. खोटं कुणी बोलत नव्हतं. आपण स्वतः केलेलं पटकन आठवतं, दुसऱ्यानं केलेलं तितकं आठवत नाही, एवढंच. आभार लिहिणाऱ्याचंही तसंच होतं: जे डोळ्यांसमोर घडलं, तेच त्याला मोठं वाटतं.

म्हणून मी अडचणींची नोंदवही काढली. तक्रार कुणी कळवली, कुणी सोडवली, हे त्यात तारखेनिशी होतं. पण नोंदवहीत फक्त बिघडलेलं काम सापडतं. एका छोट्या शाखेचं नाव त्यात जवळपास नव्हतंच. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिथल्या लिपिक बाईंनी आधीचे चार महिने रोज थोडी थोडी करून सगळी सह्यांची कार्डं आणि वारसनोंदी तपासून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे काही अडलंच नाही, म्हणून त्या कुठे दिसल्याही नाहीत. मग मी प्रत्येक शाखाधिकाऱ्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला: “कुणामुळे तुमचं काम अडलं नाही?” या प्रश्नानं निम्मी नावं मिळाली. पिग्मी एजंटही त्यातूनच पुढे आले. त्यांची यंत्रं नऊ दिवस बंद होती, तेव्हा दुकानादुकानांत हातानं पावत्या फाडून त्यांनी वसुली चालू ठेवली होती. ते कमिशनवर काम करतात, कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं नसतात.

दुसऱ्या मसुद्यात मी विशेषणं काढली आणि क्रियापदं ठेवली. ‘अथक परिश्रम’ कुणालाही लावता येतात. ‘रांगेतल्या प्रत्येकाला पासबुक हातानं भरून दिलं’ हे एकाच माणसाचं असतं. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचंही मी टाळलं. व्याजातला फरक पूर्णांकनाच्या नियमामुळे पडतो, हे ज्या तरुण अभियंत्यानं शोधलं, त्याचं काम खरोखरच मोठं होतं, आणि तसंच लिहिलं. नावांचा क्रम हुद्द्यानं नाही, कामाच्या क्रमानं लावला: आधी नोंदी तपासणारे, मग खाती उतरवणारे, मग काउंटरवर उभे राहिलेले.

एक परिच्छेद लिहिणं जड गेलं. ‘तीन चाचण्या ठरल्या होत्या. वेळ वाचवण्यासाठी तिसरी आम्ही रद्द केली. तुमच्या जागरणांपैकी बरीच त्या निर्णयामुळे झाली. ती चूक व्यवस्थापनाची आहे.’ हे न लिहिता नुसतं जागरणांचं कौतुक केलं असतं, तर ज्यांनी ती केली त्यांना ते झोंबलंच असतं. त्याखाली बदली रजेच्या तारखा शाखावार दिल्या. मंजुरी मिळाली नव्हती तोवर संदेश दोन दिवस थांबवला, कारण ‘लवकरच कळवू’ असं मला त्यात नको होतं.

पिग्मी एजंटांना ऑफिसचा ईमेल नसतो. त्यांच्यासाठी छापील प्रत शाखाधिकाऱ्यांनी हातात दिली. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या दोन अभियंत्यांबद्दल त्यांच्या वरिष्ठांना वेगळं पत्र गेलं, कारण त्यांची बढती आमच्या नव्हे, त्यांच्या ऑफिसात ठरते.

तरीही एक नाव राहिलं. तिसऱ्या दिवशी एका शाखेतून फोन आला: रविवारी रात्री वीज गेली तेव्हा पावसात डिझेल आणून जनरेटर चालू ठेवणारा रखवालदार यादीत नव्हता. त्याच दुपारी मी दुसरा संदेश सगळ्यांना पाठवला. त्यात फक्त त्याचं नाव आणि त्यानं काय केलं ते होतं.