निवृत्त पीएच्या नावाने परत येणारे मेल

एका पुरवठादाराचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या आयटी विभागात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. ते म्हणाले, "तुमच्या संचालकांना मीटिंगचं निमंत्रण पाठवलं की लगेच एक मेल परत येतो, आणि त्यात भलत्याच बाईंचा पत्ता असतो. मी त्यांना काहीच पाठवलेलं नाही हो." त्या बाई म्हणजे संचालकांच्या आधीच्या पीए. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यांचं खातंही आम्ही कधीच पुसलं होतं.

मी एकच विचारलं, "साधा मेल पाठवला तरी परत येतो का?" नाही, साधे मेल नीट पोचतात, फक्त निमंत्रण परत येतं. एवढ्यावर दोष कुठे आहे ते कळलं, कारण मीटिंगच्या मेलची वाट वेगळी असते.

आउटलुकमध्ये साहेब आपल्या पीएला 'डेलिगेट' नेमतात तेव्हा पडद्यावर एकच काम झाल्यासारखं दिसतं, पण आत तीन गोष्टी घडतात. पीएला कॅलेंडरमध्ये नोंदी वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार मिळतो. साहेबांच्या वतीने मेल पाठवण्याची मुभा मिळते. आणि साहेबांच्या मेलबॉक्समध्ये गुपचूप एक नियम लिहिला जातो: मीटिंगशी संबंधित जे काही येईल त्याची प्रत पीएकडे धाड. म्हणूनच साहेबांचा इनबॉक्स उघडता येत नसला तरी पीए निमंत्रण स्वीकारू शकते. प्रत तिच्याच इनबॉक्समध्ये येते आणि कॅलेंडर तिच्या हाती असतं.

हा नियम साहेबांच्या नेहमीच्या नियमांच्या यादीत दिसत नाही आणि तो पीएच्या खात्यात नसून साहेबांच्या मेलबॉक्समध्ये असतो. त्यामुळे आम्ही पीएचं खातं पुसलं तरी नियम जागच्या जागी राहिला. पुढचं प्रत्येक निमंत्रण साहेबांना मिळत होतं आणि त्याची प्रत नसलेल्या पत्त्यावर जात होती. अशी प्रत पुढे जाताना मूळ पाठवणाऱ्याचं नाव तिच्यावर तसंच राहतं. म्हणून 'पत्ता सापडला नाही' हा निरोप त्या पुरवठादाराकडे गेला, आणि साहेबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. महिनोन् महिने बाहेरच्या लोकांना आमच्या दारातून असे मेल परत जात होते, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुरुस्ती सर्व्हरच्या खोलीत बसून करण्याऐवजी साहेबांच्या खुर्चीत बसून करणं सोपं. त्यांच्या आउटलुकमध्ये File, मग Account Settings, मग Delegate Access उघडायचं आणि जुनं नाव काढून टाकायचं. नाव काढलं की नियम पुन्हा लिहिला जातो. आमच्याकडे मात्र त्या यादीत जुन्या बाईंचं नावच नव्हतं. अशा वेळी एखादा नवा डेलिगेट नेमून लगेच काढायचा. त्या निमित्ताने नियम नव्याने लिहिला जातो आणि पुष्कळदा जुना पत्ता निघून जातो. आमचा गेला नाही. शेवटी MFCMAPI नावाचं साधन लावून साहेबांच्या इनबॉक्सच्या दडलेल्या नोंदी उघडल्या. तिथे Schedule+ EMS Interface अशी एक ओळ होती. तोच तो नियम. तेवढी एकच ओळ पुसली. शेजारच्या ओळी साहेबांच्या इतर नियमांच्या असतात, म्हणून हात जपून चालवावा लागतो. मग नव्या पीएला डेलिगेट म्हणून पुन्हा नेमलं.

नव्या पीएची तक्रार तर आधीपासूनच चालू होती. तिला साहेबांचा अख्खा मेलबॉक्स दिसत होता, पण त्यांच्या पत्त्यावरून उत्तर पाठवायला गेलं की परवानगी नाही असा संदेश यायचा. गंमत म्हणून नव्हे, तर भल्याभल्यांचा इथे घोळ होतो म्हणून सांगतो: मेलबॉक्स उघडण्याचा पूर्ण अधिकार, ज्याला Full Access म्हणतात, त्यात मेल पाठवण्याचा अधिकार येत नाही. वाचण्याची किल्ली वेगळी आणि पाठवण्याची वेगळी. आम्ही तिला प्रशासकाकडून पहिली दिली होती आणि दुसरी द्यायची राहून गेली होती.

पाठवण्याच्या किल्ल्याही दोन आहेत. Send on Behalf दिलं तर समोरच्याला 'संचालकांच्या वतीने अमुक' असं दिसतं. Send As दिलं तर थेट संचालकांनीच पाठवल्यासारखं दिसतं, पीएचं नाव कुठेच नाही. ईमेलचं मानक 1982 साली लिहिलं गेलं, तेव्हाच त्यात From आणि Sender असे दोन रकाने ठेवले होते: पत्र कोणाचं आणि टाकलं कोणी. दुसऱ्या रकान्याच्या उदाहरणात सेक्रेटरीच आहे. साहेबांना बहुधा दुसरी किल्ली हवी असते, कारण मेल स्वच्छ दिसतो. मी पहिलीच द्यावी असं म्हणतो. उद्या एखादा दर किंवा तारीख चुकीची गेली तर ती कोणी लिहिली हे त्या मेलवरच लिहिलेलं असतं, आणि हे जितकं साहेबांच्या भल्याचं तितकंच पीएच्याही.

आठवडाभरात साहेबांचा फोन. "माझ्या नावाने काय काय गेलं ते मला कुठे दिसतच नाही." बरोबर होतं. पीएने पाठवलेला मेल पीएच्याच Sent Items मध्ये जमा होतो. त्याची एक प्रत साहेबांकडेही राहावी म्हणून प्रशासकाला एक ओळ चालवावी लागते:

```
Set-Mailbox sanchalak@example.com -MessageCopyForSendOnBehalfEnabled $true
```

हे मुद्दाम सांगतो, कारण पीए रजेवर गेली की साहेब जुना मेल शोधत बसतात, मग कोणीतरी तिचा पासवर्ड मागतं, आणि तो एकदा सांगितला की कोणी काय पाठवलं याचा पत्ताच राहत नाही.

आणखी एक जागा नाजूक आहे. साहेबांनी कॅलेंडरमधली नोंद Private केली की पीएला फक्त वेळ दिसते, तपशील दिसत नाही. डेलिगेट नेमताना खासगी नोंदी पाहण्याच्या चौकटीवर खूण केली तरच तपशील दिसतो. एवढ्यावर साहेब निर्धास्त होतात. पण ती खूण म्हणजे कुलूप नाही. ती पाळायची की नाही हे नोंद दाखवणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतं, आणि तिच्यावर विसंबू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. शिवाय डॉक्टरांच्या भेटीची नोंद झाकली, पण दवाखान्याचा मेल तर इनबॉक्समध्ये उघडाच पडलेला असतो. आमच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "इनबॉक्स काढून घ्या. कॅलेंडर राहू द्या." पीएलाही हायसं वाटलं. कोणाचे तपासणीचे अहवाल डोळ्यांसमोर येणं तिला कधीच नको होतं. मीटिंगची निमंत्रणं तर त्या लपलेल्या नियमाने तिच्याकडे येतच राहिली, फक्त आता योग्य पत्त्यावर.

त्या पुरवठादाराला मी पुन्हा एक निमंत्रण पाठवायला सांगितलं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला: साहेबांकडून होकार आला, परत काही आलं नाही. आमच्याकडे कोणी निवृत्त होताना जो कागद भरतात, त्यात लॅपटॉप आणि ओळखपत्राच्या खाली आता एक ओळ वाढवली आहे: खातं बंद करण्याआधी साहेबांच्या आउटलुकमधून डेलिगेटचं नाव काढलं का?