निळी चौकडी मरून करताना

एकाच चौकडीचे चार-पाच रंग बाजारात येतात, पण कॅटलॉगसाठी पुष्कळदा फोटो निघतो तो एकाच शर्टाचा. बाकीचे रंग संगणकावर चढतात. साध्या शर्टाला हे चटकन जमतं. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा मरून करायला घेतला, की कोपराजवळच्या चुण्यांत घोटाळा होतो.

फोटोशॉपमध्ये शर्टावर मरून रंगाचा थर टाकून त्याचा मोड Color केला, तर लख्ख उजेडातला पांढरा चौकोन पांढरा राहतो, कारण हा मोड मूळचा उजेड-अंधार हलवत नाही आणि पूर्ण पांढऱ्यात रंगाला जागाच नसते. चुणीत उतरलेला तोच पांढरा मात्र फोटोत राखाडी असतो, आणि राखाडीवर रंग बसतो. छातीवर ठसठशीत दिसणारी चौकडी कोपरात गुलाबी चिखल होते.

म्हणून रंग ओतायचा नाही, असलेला रंग फिरवायचा. त्यासाठी Hue/Saturation चा थर घ्या, यादीतून Blues निवडा आणि ड्रॉपरने उजेडातल्या निळ्यावर टिचकी मारा. मग अधिक चिन्हाच्या ड्रॉपरने चुणीच्या तळाचा निळाही त्यात घ्या. आता Hue थोडा वेळ मुद्दाम टोकाला न्या. शर्ट भयंकर दिसेल, पण कोणता धागा सुटला आणि कोणता पांढरा विनाकारण सापडला, ते तिथंच कळतं. नंतर निळ्यापासून मरूनपर्यंत साधारण १३० अंश फिरवा. गडदपणा Lightness ने आणू नका, त्याने सावल्या सपाट होतात. तो Curves ने आणा.

तरीही चुणीतला पांढरा गुलाबी झाला, तर दोष बहुधा मूळ फोटोतच असतो. खिडकीचा उजेड निळसर असतो, शिवाय शेजारचा निळा पट्टा आपली झाक पांढऱ्यावर टाकतो. अशा वेळी फक्त तेवढ्या चुणीवर मास्क करून, रंग फिरवणाऱ्या थराच्या खाली, पांढऱ्यातला निळेपणा आधी उतरवावा लागतो. बाही, कॉलर, खिसा वेगवेगळे हाताळलेले बरे, कारण प्रत्येकावरचा उजेड निराळा.

काम जमलं का, हे पाहायची माझी पद्धत सोपी आहे. विणलेल्या साध्या दोनरंगी चौकडीत तीन छटा असतात: पांढरी, भरगच्च, आणि जिथे रंगीत धागा पांढऱ्याला छेदतो तिथली मधली. चुणीत तिन्ही काळवंडतात, पण त्यांचा क्रम मोडत नाही. एक पट्टा धरून चुणीच्या माथ्यावरून तळाशी उतरा. मधली छटा पांढऱ्यात किंवा भरगच्च रंगात विरघळली असेल, तर त्या जागचा मास्क चुकलाय.

गडद नेव्हीवरून लिंबू रंग हवा असेल, तर मात्र हा खटाटोप नको. नेव्ही तेवढी उजळली की सावलीतले दाणे आणि डागच वर येतात. लिंबू रंगाचा शर्ट मागवून त्याचा फोटो काढणं स्वस्त पडतं.