१.५ च्या सर्वांत जवळ कोण?

तीन मजल्यांच्या एका इमारतीच्या गच्चीवर जनरेटर बसवायचा आहे. यंत्र ठरावीक वेगाने फिरणार, म्हणजे इमारतीला दर सेकंदाला ठरावीक वेळा हादरे देणार. इमारतीचीही डोलण्याची स्वतःची लय असते, खरे तर एक नव्हे, अनेक लयी. यंत्राची लय त्यांपैकी एखादीशी जुळली, की हादरे एकमेकांत मिळून वाढत जातात. यालाच आपण अनुनाद म्हणतो. इंजिनिअरला सगळ्या लयी नको असतात. त्याचा प्रश्न एवढाच असतो, की माझ्या यंत्राच्या सर्वांत जवळची लय कोणती आणि ती किती जवळ आहे?

या लयी मॅट्रिक्समधून निघतात. तिन्ही मजल्यांचे वजन सारखे आणि खांबांचा ताठरपणाही सारखा धरला, तर सोयीच्या एककांत आपली मॅट्रिक्स अशी दिसते:

```
 2  -1   0
-1   2  -1
 0  -1   1
```

वरची ओळ पहिल्या मजल्याची, खालची तिसऱ्याची. तिसऱ्या मजल्यावर पुढे काही नाही, म्हणून तिथे २ ऐवजी १. मजले किती सरकले हे सांगणारे तीन आकडे, म्हणजे एक सदिश, या मॅट्रिक्सला दिला की मजल्यांना मागे खेचणारे बल मिळते. एखाद्या खास सदिशाबाबत हे बल तिन्ही मजल्यांवर सरकण्याच्या सारख्याच पटीत येते. ती पट म्हणजे आयगेन मूल्य आणि तो सदिश म्हणजे त्या लयीत इमारत कशी वाकते त्याचा आकार. आयगेन मूल्य हे वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपल्या जनरेटरच्या वेगाचा त्याच एककांतला आकडा १.५ आहे असे धरू.

मॅट्रिक्सने एखाद्या सदिशाला पुन्हा पुन्हा गुणत राहिले, तर सर्वांत मोठे आयगेन मूल्य हाती लागते, कारण दर गुणाकारात त्याचाच वाटा सर्वांत जास्त वाढतो. आपल्याला मात्र मोठे नको, १.५ च्या जवळचे हवे. त्यासाठीची युक्ती दोन पावलांची आहे. आधी कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून १.५ वजा करायचे. यालाच शिफ्ट म्हणतात. सगळी आयगेन मूल्ये १.५ ने खाली सरकतात आणि जे १.५ च्या जवळ होते ते शून्याजवळ येते. मग गुणाकाराऐवजी उलट क्रिया करायची. उलट क्रियेत शून्याजवळच्या आकड्याचा व्यस्त प्रचंड होतो, बाकीच्यांचा लहान राहतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले मूल्यच आता सर्वांत बलवान झाले. ही पद्धत हेल्मुट वीलांट यांनी १९४४ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला मांडली. मूळचे गट-सिद्धांताचे अभ्यासक, पण युद्धकाळात त्यांच्याकडे विमानाच्या कंपनांची गणिते आली होती.

उलट क्रिया म्हणजे व्यस्त मॅट्रिक्स काढणे नव्हे. प्रत्यक्षात समीकरणेच सोडवायची. आपल्या बाबतीत, मजल्यांचे नवे आकडे a, b, c असतील तर:

```
0.5a -    b          = p
  -a + 0.5b -    c   = q
     -    b - 0.5c   = r
```

इथे p, q, r म्हणजे मागच्या फेरीचे आकडे. सुरुवात १, १, १ ने करू. पहिल्या समीकरणावरून b म्हणजे a च्या निम्म्यातून १ वजा, तिसऱ्यावरून c म्हणजे −a. दुसऱ्यात घातले की a = ६, b = २, c = −६. पहिल्या मजल्याचा आकडा १ चा ६ झाला, म्हणजे वाढ ६ पट. वाढीचा व्यस्त काढून शिफ्टमध्ये मिळवायचा: १.५ + १/६, म्हणजे १.६६७. हा पहिला, ओबडधोबड अंदाज.

दर फेरीत आकड्यांतला सामाईक भाग काढून टाकला तरी चालते, कारण आपल्याला फक्त आकार हवा. म्हणून पुढच्या फेरीला ३, १, −३ घ्यायचे. उत्तर येते ५८, २६, −४६. वाढ ५८/३, अंदाज १.५५१७. तिसऱ्या फेरीला २९, १३, −२३ दिले की ५२६, २३४, −४२२ मिळतात आणि अंदाज १.५५५१ होतो. चौथ्या फेरीत २६३, ११७, −२११ वरून ४७८६, २१३०, −३८३८, आणि अंदाज १.५५४९५. खरे मूल्य १.५५४९६ आहे. कागद-पेन्सिलीवरच्या चार फेऱ्यांत एवढी अचूकता!

वेगाचे कारण शिफ्टच्या जवळिकीत आहे. या इमारतीची तिन्ही मूल्ये ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७. १.५ पासून पहिल्याचे अंतर १.३०, दुसऱ्याचे ०.०५५. या दोन अंतरांचे गुणोत्तर सुमारे २४, म्हणून सदिशातली नको असलेली भेसळ दर फेरीला साधारण २४ पट घटते. शिफ्ट दोन मूल्यांच्या बरोबर मध्ये पडली, इथे ०.८७६ च्या आसपास, तर दोघांची ताकद सारखी होते आणि आकडे स्थिरावतच नाहीत. फेऱ्यांमागून फेऱ्या अंदाज हेलकावत राहिला, तर शिफ्ट जराशी सरकवावी.

शिफ्ट खऱ्या मूल्याच्या अगदी जवळ आली तर? तेव्हा समीकरणे जवळजवळ सुटेनाशी होतात आणि संगणकाच्या बारीकशा गोळाबेरजेनेही उत्तर पार बदलते. त्यामुळे पद्धत कोसळेल अशी धास्ती वाटणे साहजिक आहे. पण इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले जेम्स विल्किन्सन यांनी दाखवले, की ही चूक मुख्यतः आपल्याला हव्या असलेल्या सदिशाच्याच दिशेने येते. आकड्यांची लांबी चुकते, आकार चुकत नाही, आणि आपल्याला आकारच हवा असतो. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मोठ्या पुलाच्या मॅट्रिक्समध्ये लाखो ओळी असतात. तिथे समीकरणे सोडवण्यासाठी करायची मोडणी, म्हणजे मॅट्रिक्सचे त्रिकोणी भाग पाडणे, हेच महाग काम. शिफ्ट कायम ठेवली तर ती एकदाच करावी लागते आणि पुढच्या फेऱ्या स्वस्तात होतात. दर फेरीला नव्या अंदाजाने शिफ्ट बदलणारी पद्धतही आहे. ती फार झपाट्याने पोहोचते, पण मोडणी दर वेळी नव्याने करावी लागते, आणि कधी कधी ती आपण मागितलेल्या मूल्याऐवजी भलत्याच मूल्यावर जाऊन बसते.

मोडणी आणखी एक गोष्ट फुकटात सांगते. आपल्या मॅट्रिक्समध्ये वजाबाकीनंतर मोडणीच्या कर्णावर ०.५, −१.५ आणि ०.१६७ येतात. ऋण आकडा एकच, म्हणजे १.५ च्या खाली आयगेन मूल्यही एकच. सममित मॅट्रिक्ससाठी हा सिल्व्हेस्टरचा नियम आहे. मधली एखादी लय नजरेतून सुटली का, हे याच मोजणीवरून कळते. सुटण्याचा धोका खरा आहे. डावी-उजवी बाजू अगदी सारखी असलेल्या पुलावर सुरुवातीचा सदिशही तसाच सारखा घेतला, तर उलटसुलट डोलणारी लय त्या सदिशात नसतेच, आणि जे मुळात नाही ते फेऱ्यांनी वाढत नाही. म्हणून सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे घ्यावेत.

आता जनरेटरचा निकाल. १.५५५ ला १.५ ने भागून वर्गमूळ घेतले तर १.०१८ येते. म्हणजे इमारतीची दुसरी लय यंत्राच्या वेगापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी वर आहे. सदिश सांगतो, की त्या लयीत पहिला मजला १ सरकला तर दुसरा ०.४४५ त्याच बाजूला जातो आणि गच्ची ०.८०२ उलट बाजूला. यंत्र नेमके तिथेच, जिथे हालचाल जोरात आहे. ते दुसऱ्या मजल्यावर ठेवले तर या लयीला मिळणारा धक्का जवळपास निम्मा होईल, पण लयींची जवळीक तशीच राहील. वेग बदलणे किंवा यंत्राखाली कंपन शोषणारे पाय बसवणे हाच खरा उपाय.

तुम्ही हे स्वतः करून पाहणार असाल तर शेवटचा सदिश मूळ मॅट्रिक्सला देऊन प्रत्येक मजल्याची पट वेगवेगळी काढा. तिसऱ्या फेरीच्या २६३, ११७, −२११ वर त्या १.५५५१, १.५५५६, १.५५४५ येतात. चौथ्या फेरीनंतर तिन्ही १.५५४९ आणि १.५५५० यांच्या दरम्यान असतात. मजल्यांचे आपसात जेवढ्या अंकांपर्यंत जुळेल, तेवढ्याच अंकांवर विश्वास ठेवा.