मंडळाचा वार्षिक अहवाल वाचताना

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचा वार्षिक अहवाल आला की सभासद आधी गणेशोत्सव, दिवाळीचे फोटो पाहतात. माझा आग्रह आहे, जमाखर्चाचं पान आधी वाचा. तिथली शिल्लक फसवी असू शकते.

समजा, वर्षाची जमा ४०,००० डॉलर आणि खर्च ३५,०००. शिल्लक ५,०००, म्हणून कार्यकारिणी पुढच्या वर्षी मोठं नाटक आणायचं ठरवते. पण त्या जमेत १२,००० डॉलर आजीव सभासदांनी एकरकमी भरलेले असतील तर? ते पैसे पुढच्या अनेक वर्षांसाठीचे आहेत. ते बाजूला काढले, तर नेहमीच्या जमेतून खर्च भागलेलाच नाही. तूट ७,०००ची आहे. म्हणून आजीव वर्गणी स्वतंत्र निधीत दाखवावी आणि दरवर्षी तिचा थोडाच भाग जमेत धरावा. अहवालात असा निधी दिसत नसेल, तर सर्वसाधारण सभेत खजिनदारांना जरूर विचारा.

आणखी एक प्रश्न करविवरणाचा. करमुक्त मंडळाची वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल, तर ९९०-एन हे छोटं ऑनलाइन विवरण पुरतं. मात्र सलग ३ वर्षं ते राहिलं, तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. पदाधिकारी बदलताना हेच काम हमखास निसटतं.