पैठणी, गजरा आणि अत्तराचा फाया

लग्नाच्या मांडवात दारातच गुलाबदाणीतून शिंपडा होतो. सुती झब्ब्यावर त्याचं काही वाटत नाही. शेजारी पैठणी नेसून उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर मात्र वाळल्यावर फिकट कडांचे ठिपके राहू शकतात. रेशमावर साध्या पाण्याचेही डाग उमटतात, त्यात गुलाबपाण्याचा दोष नाही. म्हणून सुगंध विकत घेताना वास कुठला, याच्याबरोबरच तो कशात मिसळला आहे हेही बघायला हवं. कापडाचं किंवा केसांचं नुकसान बहुतेक वेळा त्यानेच होतं: पाणी, तेल किंवा अल्कोहोल.

हे घरी ओळखता येतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दोन-तीन तास विसरून जा. कागद उजेडात धरल्यावर पारदर्शक वर्तुळ दिसलं तर त्यात तेल आहे. पिवळट ठिपका राहिला तर रंग किंवा जड सुगंधी द्रव्य आहे. यापैकी काहीही दिसलं तर ती बाटली फिकट कापडापासून लांब ठेवा. अत्तर बहुधा तेलातच असतं. जुनी माणसं ते कापसाच्या फायावर घेऊन कानात ठेवत. फाया कानात असला की कपड्याला तेल लागायचा प्रश्नच नाही.

पैठणीवर परफ्यूम तर मारूच नये. अल्कोहोलने रेशमाचा कच्चा रंग ओघळू शकतो आणि चांदीची जर असेल तर तिच्यावरही फवारा नको. साडीला सुगंध द्यायचा तो कपाटातून. उटण्याच्या सामानातलंच घ्या: वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा. काष्ठौषधींच्या दुकानात हे अख्खं मिळतं. पूड आणू नका, कारण ती मलमलीतून झिरपून घडीवर बसते. आधी एक दिवस कडक उन्हात वाळवा. ओलसर मुळ्यांना बुरशी धरते आणि ती साडीपर्यंत जाते. मग तळहाताएवढ्या मलमलीच्या पिशवीत दोन-तीन चमचे भरा, तोंड घट्ट शिवा आणि पिशवी कपाटाच्या दांड्याला टांगा किंवा कोपऱ्यात ठेवा. साडीच्या घडीत नको. वास मंदावला की पिशवी हातात चुरगळा, पुन्हा थोडा येतो; तोही येईनासा झाला की सामान बदला.

या पुरचुंडीवर कसर रोखायची भिस्त ठेवू नका. कसरीला घामाचे आणि जेवणाचे डाग आवडतात, तेव्हा साडी स्वच्छ करूनच ठेवायची. डांबरगोळ्या आणि वाळा एकत्र ठेवण्यात तर काहीच हशील नाही: डांबराचा वास सगळ्यावर मात करतो, शिवाय त्याची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते.

रोजच्या धुण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फॅब्रिक कंडिशनर कापड मऊ करतो, कारण तो धाग्यावर पातळ थर चढवतो. त्याच थरामुळे टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि व्यायामाचे कपडे घाम शोषत नाहीत. सुगंधी दाणे वेगळे. ते पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याचे असतात आणि मऊपणासाठी नसतातच. ते रिकाम्या ड्रममध्ये आधी टाकायचे, वर कपडे. कंडिशनरच्या कप्प्यात टाकले तर तिथेच चिकटून बसतात. थंड पाणी, पंधरा मिनिटांचं धुणं आणि ठासून भरलेला ड्रम असं जमलं की काही दाणे अर्धवट राहतात आणि कपड्यावर चिकट डाग दिसतो. तो कोमट पाण्यात पुन्हा खळबळला की जातो. पावसाळ्यातल्या कुबट वासावर मात्र दाणे ओतून उपयोग नाही. तो वास ओल्या कापडातल्या जिवाणूंचा असतो. सुती कपडे गरम पाण्यात धुवा आणि पंख्याखाली मोकळे पसरा.

केसांचं थोडक्यात सांगते. अंगाला मारायच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं आणि ते उडून जाताना आधीच कोरड्या, रंगवलेल्या केसांना आणखी राठ करतं. हेअर मिस्टमध्ये अल्कोहोल सहसा कमी असतं, पण नसेलच असं नाही. बाटलीवर पाणी आधी लिहिलंय की अल्कोहोल, ते वाचा. फवारा टाळूवर नको, कंगव्यावर मारा आणि तो कंगवा केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत फिरवा. गजरा माळणार असाल तर मिस्टची गरजच नाही. मोगऱ्याचा वास केसांत रात्रीपर्यंत राहतो, फुकट आणि बिनधोक.

आणि अल्कोहोल पेट घेतं. मिस्ट मारल्यावर केस पूर्ण वाळेपर्यंत स्ट्रेटनर, गॅस आणि औक्षणाचं निरांजन यांच्यापासून दूर राहा.