हॉटेलं गेली, नफा चौपट झाला

22 मे 2025 च्या संध्याकाळी आयटीसीचे जानेवारी ते मार्च तिमाहीचे निकाल आले. एकट्या मूळ कंपनीचा निव्वळ नफा सुमारे 19,560 कोटी रुपये. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो सुमारे 5,020 कोटी होता. नफा जवळजवळ चौपट! अर्थवृत्ताच्या टेबलावर असा आकडा दिसला की मी मथळ्याला हात लावत नाही. निकालाचा तक्ता उघडतो आणि वरून खाली एकेक ओळ वाचत जातो.

पहिली ओळ महसुलाची, म्हणजे सिगारेट, आटा, बिस्किटं, कागद विकून आलेल्या रकमेची. ती सुमारे 9 टक्क्यांनी वाढली होती. विक्री एवढीच वाढली असेल, तर नफा चौपट कसा होईल? उत्तर खालच्या भागात होतं. तिथे वेगळ्या केलेल्या व्यवसायापोटी मोठा एकवेळचा लाभ दाखवला होता.

1 जानेवारी 2025 पासून आयटीसीचा हॉटेल व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला. आयटीसीच्या दर दहा शेअरांमागे भागधारकांना नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. हिशेबाचा नियम असा, की भागधारकांना मालमत्ता देऊन टाकताना तिचं आजचं मूल्य आणि वहीतली किंमत यांतला फरक नफा म्हणून नोंदवायचा. आजोबांनी 2 लाखांना घेतलेला प्लॉट आज 50 लाखांचा झाला आणि त्यांनी तो मुलांना देऊन टाकला, तर वहीत 48 लाखांचा लाभ दिसेल. आजोबांच्या हातात मात्र एक रुपयाही येणार नाही. आयटीसीचंही तसंच झालं.

हा भाग बाजूला ठेवल्यावर चालू व्यवसायांचा नफा उरला सुमारे 4,875 कोटी. त्याची तुलना 5,020 शी करायची नाही, कारण त्या आकड्यात हॉटेलांची कमाई मिसळलेली आहे. हॉटेलं वगळलेला आदल्या वर्षीचा आकडा त्याच तक्त्यात शेजारी असतो: सुमारे 4,837 कोटी. म्हणजे वाढ एक टक्क्याहूनही कमी. विक्री 9 टक्क्यांनी वाढूनही नफा जागेवरच राहिला, कारण तंबाखूचं पान, खाद्यतेल, गहू असा कच्चा माल महागला होता. वाचकाला सांगण्याजोगी बातमी ही होती.

एक सावधगिरी मात्र लागते. हॉटेलं एकदाच वेगळी होतात, म्हणून ती रक्कम वगळणं योग्य. पण एखादी कंपनी कारखान्याच्या पुनर्रचनेचा खर्च दर दुसऱ्या तिमाहीला ‘एकवेळचा’ म्हणून दाखवत असेल, तर मी मागच्या आठ तिमाहींच्या टिपा काढून बघतो. तोच खर्च तीनदा दिसला, तर तो धंद्याचा नेहमीचा खर्च समजून नफ्यातून वजाच ठेवतो.